एकाच अनुवादाला एक तपासनीस नापास करतो, दुसरा जवळजवळ पूर्ण गुण देतो: बिघाड कुठे शोधायचा

लक्षण ओळखीचे आहे. पंधरा-वीस अनुवादक घरबसल्या शेतीविषयक पत्रके इंग्रजीतून मराठीत आणतात. कोणी आर्णीत बसून, कोणी पुलगावात, कोणी दारव्ह्यात. चार-पाच तपासनीस ती तपासतात. चुकांचे प्रकार ठरलेले असतात, तीव्रतेचे भार ठरलेले असतात, तक्ताही सर्वांना एकच दिलेला असतो. तरीही महिन्याच्या शेवटी तोच अनुवादक एका तपासनिसाकडे नापास आणि दुसऱ्याकडे उत्तम ठरतो. मग बैठक होते, भार थोडे बदलतात, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

भार बदलून हा बिघाड जात नाही, कारण तो बहुतेक वेळा भारांत नसतोच. तो नोंदीत असतो: कोणती चूक मोजली, किती वेळा मोजली आणि तिला कोणत्या तीव्रतेत बसवले. म्हणून तपासाची सुरुवात बेरजेपासून करू नका. दोघांचे तक्ते शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावून पाहा.

एक प्रकरण, ओळीला ओळ लावून

समजा कपाशीवरच्या फवारणीचे पत्रक आहे. तपासायला घेतलेला मूळ मजकूर ५०० शब्दांचा. भार अनुवादातल्या चुका मोजण्याच्या एमक्यूएम या चौकटीत सुचवलेलेच आहेत: निव्वळ टिपणीला ०, किरकोळ चुकीला १, गंभीर चुकीला ५ आणि घातक चुकीला २५. हजार शब्दांमागे २० पेक्षा जास्त दंड झाला तर काम परत, अशी मर्यादा या प्रकल्पाने घातली आहे.

पहिल्या तपासनिसाच्या तक्त्यात ‘कीटकनाशक’ हा शब्द ‘किटकनाशक’ असा ऱ्हस्व लिहिल्याबद्दल १२ नोंदी आहेत, प्रत्येकी १. ‘डवरणी’ दोनदा आली, तिथे ‘कोळपणी हवे’ असा शेरा मारून परिभाषेची गंभीर चूक धरली आहे, प्रत्येकी ५. सहा वाक्ये ‘अधिक ओघवती’ करून सहा किरकोळ चुका मोजल्या आहेत. शेवटी एका वाक्यात ‘शब्द सुटला, किरकोळ’ म्हणून १. एकूण दंड २९, हजारी ५८. नापास.

दुसऱ्या तपासनिसाने ‘किटकनाशक’ एकदाच मोजले आणि एका ठिकाणी प्रश्नचिन्ह द्यायचे राहिले होते ते धरले. दंड २, हजारी ४. उत्तम.

आता त्या ‘शब्द सुटला’च्या वाक्याकडे जाऊ. मूळ इंग्रजी सूचनेचा अर्थ आहे, ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका’. अनुवादात आहे, ‘वाऱ्याच्या दिशेने फवारू नका’. सुटला एकच शब्द, पण सूचना उलटी झाली. हे पत्रक वाचून पाठीवर पंप घेतलेला मजूर वाऱ्याकडे तोंड करून फवारेल आणि सगळा फवारा त्याच्या नाकातोंडात जाईल. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या भागात जाणाऱ्या पत्रकात हे वाक्य किरकोळ असूच शकत नाही. ती घातक चूक, दंड २५.

नीट केलेला तक्ता असा होईल: उलटी झालेली सूचना २५, ‘किटकनाशक’ पहिल्या वेळेचा १, प्रश्नचिन्ह १. डवरणी शून्य, ओघवती वाक्ये शून्य. एकूण २७, हजारी ५४.

इथे खरी मेख आहे. पहिल्या तपासनिसाचा आकडा ५८ होता, बरोबर आकडा ५४. बेरजा जवळजवळ जुळल्या, म्हणून कोणालाही वाटेल की पहिला तपासनीस बरोबर होता. पण त्याच्या शेऱ्यांवरून अनुवादक काय शिकेल? डवरणी काढेल, कीटकनाशकातली की दीर्घ करेल, वाक्ये गुळगुळीत करेल. वाऱ्याचे वाक्य कदाचित दुरुस्त करेलही, पण पुढच्या पत्रकात तसलीच चूक पुन्हा करेल, कारण ती १ गुणाची होती असे त्याला सांगितले गेले आहे. दोन तपासनिसांच्या बेरजा जुळल्या म्हणून मेळ बसला असे धरू नका. कोणत्या वाक्यात, कोणत्या प्रकारची, किती तीव्र चूक, हे तिन्ही जुळले पाहिजे.

पहिले कारण: तीव्रता प्रकारावरून ठरवली जाते

हे सर्वांत जास्त घडते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. तपासनिसाच्या डोक्यात एक अलिखित कोष्टक असते: शुद्धलेखन म्हणजे किरकोळ, परिभाषा म्हणजे गंभीर, अर्थ बदलला तर अतिगंभीर. काही जुन्या पद्धतींत भार खरोखरच प्रकाराला बांधलेले होते. मोटारींच्या दुरुस्ती-पुस्तिकांच्या अनुवादासाठी बनवलेल्या एसएई जे-२४५० मध्ये चुकीच्या शब्दाला ५ किंवा २ आणि स्पेलिंगच्या चुकीला ३ किंवा १ असा दंड आहे. म्हणजे स्पेलिंग कितीही महागात पडले तरी ३ च्या वर जाणार नाही. एमक्यूएममध्ये प्रकार आणि तीव्रता वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, आणि मराठीसाठी ते फार महत्त्वाचे आहे.

का, ते एका अक्षरात दिसते. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, हे सांगणाऱ्या वाक्यात ‘साठ’च्या जागी ‘सात’ टंकले गेले. प्रकार कोणता? टंकनाची चूक, म्हणजे भाषिक संकेत. पण परिणाम असा की विषाचा अंश असलेला माल त्रेपन्न दिवस आधी बाजारात जाईल. ही घातक चूक आहे. उलट बाजूने, मूळात ‘शास्त्रज्ञांनी शिफारस केली आहे’ असे असताना अनुवादात ‘तज्ज्ञांनी शिफारस केली आहे’ आले, तर प्रकार अचूकतेचा, पण शेतकरी करणार तेच जे त्याने एरवी केले असते. ही किरकोळ.

उपाय असा: तक्त्यात ‘परिणाम’ नावाचा एक रकाना वाढवा आणि तीव्रता निवडण्याआधी तो भरणे सक्तीचे करा. प्रश्न एकच: हे वाचून वाचणारा वेगळे काय करेल? अंगावर, पिकावर, जनावरावर किंवा पैशावर बेतेल असे काही करेल, तर घातक. चुकीचे समजेल किंवा समजणारच नाही, विचारायला कृषी केंद्रात जावे लागेल, पण तेवढ्याने नुकसान होणार नाही, तर गंभीर. डोळ्याला खुपेल पण अर्थ बरोबरच लागेल, तर किरकोळ. रकान्यात लिहिण्यासारखे काही सुचतच नसेल, तर ती चूक नाही, तपासनिसाची आवड आहे, तिला शून्य. परिणाम एका वाक्यात लिहावा लागला की ‘अधिक ओघवते’ प्रकारच्या नोंदी आपोआप गळतात. पहिल्या तपासनिसाच्या सहा नोंदी या गाळणीतून एकही पार झाली नसती.

दुसरे कारण: आवडीला चूक म्हणणे, विशेषतः बोलीतल्या शब्दांना

डवरणीचा प्रश्न विदर्भातल्या प्रत्येक प्रकल्पात येतो. तपासनीस पश्चिम महाराष्ट्रातला असेल तर त्याला डवरणी, निंदण, धुरा हे शब्द ‘ग्रामीण’ वाटतात आणि तो तिथे कोळपणी, खुरपणी, बांध लिहितो. पण पत्रक ज्याच्या हातात पडणार, तो वणीचा किंवा मंगरूळपीरचा शेतकरी डवऱ्यानेच डवरतो. त्याच्यासाठी डवरणी हाच अचूक पारिभाषिक शब्द आहे. तो बदलून कोळपणी करणे हीच परिभाषेची चूक ठरेल.

याचा अर्थ बोलीतले सगळेच चालेल असा नाही. पत्रकाची वाक्यरचना प्रमाण मराठीची आणि शेतीचे शब्द तिथले, ही विभागणी बहुतेक ठिकाणी चांगली टिकते. ‘फवारणी करा’ हे तसेच राहू द्या, ‘फवारनी करजा’ नको. हेच पत्रक सांगली-साताऱ्यातही जाणार असेल तर डवरणी एकटी पुरणार नाही. तिथे कोणता शब्द आधी आणि कोणता सोबत, हे शब्दसूचीत ठरवून ठेवावे लागते. मुद्दा असा की हा निर्णय तपासताना घ्यायचा नाही, काम वाटण्याआधी घ्यायचा. शब्द शब्दसूचीत असेल आणि अनुवादकाने वेगळा वापरला, तर चूक अनुवादकाची. सूचीत नसेल आणि वाचणाऱ्याला कळतो आहे, तर दंड शून्य आणि शब्द सूचीत घालायचा.

तिसरे कारण: तीच चूक बारा वेळा मोजणे

‘किटकनाशक’ बारा ठिकाणी असले तरी अनुवादकाचे अज्ञान एकच आहे. बारा वेळा दंड केला की ज्या पत्रकात तो शब्द जास्त वेळा येतो त्या पत्रकाचा अनुवादक विनाकारण मागे पडतो. नियम सोपा ठेवा: त्याच कारणाची तीच चूक पहिल्यांदा पूर्ण भाराने मोजायची, नंतरच्या जागा नोंदवायच्या पण दंड शून्य. नोंद मात्र सोडायची नाही, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्याला बाराही जागा सापडणार नाहीत.

‘त्याच कारणाची’ हे शब्द काटेकोर पाळा. ‘किटकनाशक’ आणि ‘शेतकर्‍यानी’ या दोन्ही शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी एक ऱ्हस्व-दीर्घाची आहे, दुसरीत अनुस्वार राहिला आहे. त्या वेगळ्या मोजायच्या.

तक्ता आणि त्यात लपणारी एक चूक

रकाने असे: A मध्ये वाक्य क्रमांक, B मध्ये परिणाम, C मध्ये सुचवलेली दुरुस्ती, D मध्ये प्रकार, E मध्ये तीव्रता, F मध्ये दंड, G मध्ये पुनरावृत्ती आहे का. H1 मध्ये मूळ मजकुराची शब्दसंख्या. F2 मध्ये पहिले सूत्र घालून खाली ओढा, दुसरे H2 मध्ये, तिसरे H3 मध्ये.

```
=IF(G2="होय",0,IF(E2="घातक",25,IF(E2="गंभीर",5,IF(E2="किरकोळ",1,0))))
=SUM(F2:F60)*1000/H1
=IF(COUNTIF(E2:E60,"घातक")>0,"परत",IF(H2>20,"परत","पास"))
```

शब्दसंख्या मूळ इंग्रजीची घ्या, मराठीची नको. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा मोजताना एकच शब्द धरला जातो, आणि एक अनुवादक ‘च्या साठी’ असे तोडून लिहीत असेल तर त्याची शब्दसंख्या उगाच वाढून दंड कमी दिसतो. मूळ सर्वांना सारखे असते.

E रकान्यात हाताने टंकू देऊ नका, निवडयादी लावा. कोणी ‘घातक’च्या पुढे एक मोकळी जागा टंकली तर सूत्राला तो शब्द ओळखू येत नाही, ते गुपचूप ० देते, आणि घातक चूक असलेले काम पास होऊन जाते. तक्त्यात कुठेही लाल काही दिसत नाही. जुने तक्ते तपासायला बसाल तेव्हा, E मध्ये काही लिहिले आहे पण F मध्ये ० आहे आणि G रिकामा आहे, अशा ओळी सर्वांत आधी चाळा. त्यांतल्या काही निव्वळ टिपण्या असतील, त्या सोडून द्या.

तिसऱ्या सूत्रात घातक चुकीची वेगळी अट का घातली आहे, तेही सांगायला हवे. २५ हा भार मोठा वाटतो, पण ५,००० शब्दांच्या पुस्तिकेत तो हजारी ५ होतो आणि २० च्या मर्यादेखाली बुडून जातो. वाऱ्याची उलटी सूचना असलेली पुस्तिका मग चांगल्या गुणांनी पास. भार २५ चा ५० केला तरी पुस्तिका आणखी जाड झाली की तेच. म्हणून घातक चूक एक जरी असली तरी काम परत, गुण काहीही असोत. गुण अनुवादकाचा कल पाहण्यासाठी ठेवा, पत्रक छापायला द्यायचे की नाही हे या अटीवर ठरवा.

दुसऱ्या तपासनिसाला ते वाक्य दिसलेच नाही, त्याचे काय

तीव्रता कळण्याआधी चूक दिसली पाहिजे. दुसऱ्याने फक्त मराठी वाचले असणार. ‘वाऱ्याच्या दिशेने फवारू नका’ हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, त्यात डोळा अडत नाही. चांगल्या मराठीत लिहिणाऱ्या अनुवादकाच्या अर्थाच्या चुका याच कारणाने सुटतात, आणि खडबडीत लिहिणारा प्रत्येक ओळीत पकडला जातो.

म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत मूळ वाक्य आधी वाचायचे, मग अनुवाद, आणि फक्त चार गोष्टी पाहायच्या: आकडा, एकक, नकार आणि दिशा. ‘१० लिटर पाण्यात २० मिली’चे ‘लिटरला २० मिली’ झाले तर मात्रा दहापट होते. ती इथेच सापडते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग आला असेल तर तोही इथेच पाहा. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणाचा उतरता क्रम आहे, आणि पिवळ्याच्या जागी हिरवा लिहिला गेला तर ते औषध निर्धास्तपणे हाताळले जाईल. दुसऱ्या फेरीत मूळ बाजूला ठेवून फक्त मराठी वाचायचे, तेव्हा भाषा आणि शैली. दोन्ही एका दमात केल्या तर दुसरी पहिलीला गिळते.

मूळ इंग्रजीतच चूक असेल तर ती ‘मूळ दोष’ या प्रकारात, दंड शून्य, आणि पत्रक देणाऱ्याला कळवायची. अनुवादकाने ती ओळखून विचारणा केली असेल तर तशी टीप ठेवा.

नोंदी जुळल्या, तरीही गुण वरखाली होतात

हे सगळे दुरुस्त केल्यावरही एखाद्याचे गुण एका महिन्यात ४ आणि पुढच्या महिन्यात ३० दिसतील. इथे तपासनिसाला दोष देऊ नका. ५०० शब्दांचा नमुना लहान असतो.

समजा एका अनुवादकाच्या कामात सरासरी हजार शब्दांमागे दोन गंभीर चुका असतात, म्हणजे खरा दंड हजारी १०, आरामात पास. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या आहेत असे धरले तर ५०० शब्दांच्या नमुन्यात सरासरी एक सापडेल. पण अशा शंभर नमुन्यांपैकी साधारण ३७ मध्ये एकही सापडणार नाही आणि ८ मध्ये तीन किंवा अधिक सापडतील. त्या आठ वेळा हा चांगला माणूस नापास होईल. उलट, ज्याचा खरा दंड हजारी ३० आहे तो ५०० शब्दांच्या नमुन्यात शंभरातून ४२ वेळा पास होऊन जाईल. चार नमुने एकत्र करून २,००० शब्दांवर हिशेब केला तर चांगला अनुवादक चुकून नापास होण्याचे प्रमाण शंभरात २ वर येते आणि कच्चा चुकून पास होण्याचे १६ वर.

म्हणून एका नमुन्यावरून कोणाचा दर किंवा काम ठरवू नका. प्रत्येकाचे दर आठवड्याला एक, असे ५०० शब्दांचे चार नमुने घ्या, नमुने वेगवेगळ्या पत्रकांतून आणि पत्रकाच्या मधूनही काढा, कारण पहिले पान सगळेच जपून करतात. मग दंड आणि शब्द दोन्हींच्या बेरजा करून हजारी दंड काढा. चार नमुन्यांच्या हजारी दंडांची सरासरी काढू नका. नमुने कमीजास्त लांबीचे असतील तर ती फसवते. आणि अनुवादकाचे नाव तपासनिसाला दिसू देऊ नका.

तपासनिसांची जुळणी

नवा तपासनीस आला की, आणि एरवी दोन-तीन महिन्यांतून एकदा, ३०० शब्दांचा एकच अनुवाद सर्वांना द्या. त्यात दहाएक जागा मुद्दाम पेरा: एक उलटी सूचना, एक दहापट मात्रा, एक ‘सात-साठ’, दोन-तीन शुद्धलेखनाच्या, एक तीनदा येणारी, आणि दोन जागा अशा जिथे बरोबर पण अनोळखी शब्द आहे, जसे धुरा. या दोन जागा चुका नाहीत. त्या कोण चूक म्हणून धरतो ते पाहायचे आहे. प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता तक्ता भरायचा.

मग तक्ते ओळीने लावा. तीन प्रकारचे फरक दिसतील. चूक एकाला दिसली आणि दुसऱ्याला नाही, तर त्याच्या पहिल्या फेरीत गडबड आहे. दोघांना दिसली पण तीव्रता वेगळी, तर परिणामाच्या रकान्यात दोघांनी काय लिहिले ते मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा एकाने वाचणारा म्हणून शेतकरी डोळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि दुसऱ्याने शाळेतला मास्तर. प्रकार वेगळा पण तीव्रता तीच, तर फार वेळ घालवू नका, दंड तोच येतो. प्रकार फक्त प्रशिक्षण कशाचे द्यायचे यासाठी लागतो. ठरलेला प्रत्येक निर्णय एका सामाईक निर्णयवहीत तारखेसह लिहा: ‘आकड्याचा शब्द चुकला आणि तो मात्रेचा किंवा मुदतीचा असेल, तर घातक.’ पुढच्या वेळी वाद घालायला वही उघडायची.

नियम बदलल्यावर जुन्या महिन्यांचे गुण नव्या गुणांशेजारी ठेवून कोण सुधारला, कोण घसरला असे काढू नका. जुन्या तक्त्यांत परिणामाचा रकाना नाही, पुनरावृत्ती खुणावलेली नाही. ते आकडे वेगळ्या मापाने मोजलेले आहेत. ज्या महिन्यापासून नवा तक्ता लागला, तिथे ठळक रेघ मारून नवी मोजणी सुरू करा.